दुसऱ्या भागीदाराची सही

आमच्या टेम्पोचा शेवटचा हप्ता ह्यांनी खामगावला जाऊन शेठजींच्या हातात दिला तेव्हा शेठजींनी पावती फाडून दिली, चहा पाजला आणि सांगितलं, की पुढच्या आठवड्यात या, बोजा उतरवायचं पत्र टाइप करून ठेवतो. पुढचा आठवडा आला, पण शेठजी राहिले नाहीत. दुकानातच छातीत कळ आली आणि घरी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

पिंपळगाव राजात आमची भाजीची शेती. वांगी, टमाटे, कोथिंबीर. आधी माल बैलगाडीनं आणि मग दुसऱ्याच्या ट्रकनं खामगावच्या बाजारात जायचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांनी टेम्पो घेतला. आमचा माल तर जायचाच, शिवाय आजूबाजूच्या आठ-दहा घरांचाही जायचा. पैसे शेठजींच्या फायनान्सचे होते, म्हणून गाडीच्या आर.सी. बुकात एका पानावर त्यांच्या पेढीचं नाव होतं. कोणी त्याला हायर-परचेस म्हणे, कोणी हायपोथिकेशन. आमच्याकडे सगळे एच.पी. म्हणत, नाहीतर सरळ बोजा. अर्थ एकच. गाडी चालवा, कमवा, दुरुस्त करा, पण ते नाव पुस्तकात आहे तोवर फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. आणि शेवटचा हप्ता भरला म्हणून ते नाव आपोआप जात नाही. पैसे फिटले, करार संपला, असं फायनान्सवाल्यानं लिहून द्यायचं. अर्जावर गाडीमालकानं आणि त्यानं, दोघांनी सही करायची. मग आर.सी. बुक आणि विम्याचा कागद घेऊन आर.टी.ओ.त जायचं, फी भरायची. तेव्हा कुठे साहेब ती नोंद रद्द करतात.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी लोणारजवळच्या सुलतानपूरची, मॅट्रिक झालेली. सासरी मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून घरात आलेला इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा. त्या वर्षी एवढे कागद आले, की मला सगळं पाठ झालं.

आम्हाला घाई होती. रोहिणखेडचा एक माणूस टेम्पो घ्यायला तयार होता आणि ह्यांच्या मनात मोठी गाडी घ्यायचं होतं. कागद साफ करून द्या, मी दिवाळीपर्यंत थांबतो, असं तो बोलून गेला होता.

शेठजींचं तेरावं झाल्यावर ह्यांनी पंधरा दिवस जाऊ दिले आणि मग दुकानात गेले. गादीवर शेठजींचे धाकटे भाऊ बसले होते. तेच पहिल्यापासून गल्ला सांभाळायचे, पावत्या लिहायचे. आमचे हप्ते त्यांच्याच डोळ्यांसमोर गेले होते. त्यांनी काही खळखळ केली नाही. पेढीच्या छापील कागदावर पत्र टाइप करवून घेतलं, अर्जावर सही केली, शिक्का मारला. ह्यांना वाटलं, काम झालं.

गाडी अमरावतीला नोंदलेली होती, त्यामुळे तिथल्याच ऑफिसात जावं लागे. एक दिवसाची भाजी दुसऱ्याच्या गाडीत घालून हे एस.टी.नं गेले आणि रात्री तसेच परत आले. जेवायला बसले. मग मलाच विचारलं, "शेठजीच्या बायकोले तू पाह्यलं काय कधी?"

मी एकदा पाहिलं होतं. टेम्पो घेतल्यावर पेढे द्यायला आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा. दुकानाच्या मागेच घर. त्या आतल्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला होता.

झालं असं होतं, की फायनान्सवाल्यांच्या सह्यांचे नमुने त्या ऑफिसात ठेवलेले असत. बाबूनं शेठजींच्या पेढीचं कार्ड काढलं, पत्रावरची सही त्याच्याशी लावून पाहिली आणि कागद परत सरकवला. कार्डावर दोनच सह्या होत्या. एक शेठजींची. दुसरी एका बाईची. पेढीत भागीदार दोन, नवरा आणि बायको. भावाचं नाव कुठेच नव्हतं. बाबू म्हणाला होता, की दोघांतला एक भागीदार वारला तर पेढी तिथेच संपते, पण राहिलेली देणी-घेणी मिटवायचा, असे कागद सही करायचा हक्क दुसऱ्या भागीदाराला असतो. म्हणजे त्या बाईंना. मृत्यूचा दाखला आणा, भागीदारीच्या कराराची नक्कल आणा आणि पत्रावर बाईंची सही आणा. ती सही फार जुनी आहे, तेव्हा जमलं तर त्यांनाच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात जाऊन शेठजींच्या भावाला हे सगळं सांगून आले. त्यांनी आपलंच पत्र पुन्हा उलटून पाहिलं म्हणे. मग म्हणाले, की वहिनीचं नाव नुसतं नावाला आहे, इन्कमटॅक्सच्या वकिलानं घालायला लावलं असेल. त्यांना यातलं काही कळत नाही, आणि दुःखात बसलेल्या बाईला असल्या गोष्टी सांगायच्या नाहीत. मी पाहतो काय करायचं ते.

पाहतो म्हणण्यात दीड महिना गेला. मला आज वाटतं, तो माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं भावाच्या शेजारी बसून त्यानं ती पेढी चालवली होती. भावाच्या मागे आपण, हे त्यानं इतकं धरून ठेवलं होतं, की कधी विचारायची गरजही वाटली नसेल. अमरावतीच्या एका कार्डावर आपलं नाव नाही, हे त्याला आमच्याकडून, एका भाजीवाल्याकडून कळलं. त्याला ते किती लागलं असेल, याचा मी तेव्हा विचार केला नाही. तेव्हा दिवाळी जवळ येत होती, एवढंच मला दिसत होतं.

शेवटी हे म्हणाले, "मले काही त्या आत येऊ देणार नाहीत. तू जाय."

मी गेले. सोबत पालकाच्या दोन जुड्या आणि वांगी घेतली. शेठाणीबाई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. मी बसले, थोडं इकडचं-तिकडचं झालं. त्यांनी माझ्या माहेराची चौकशी केली. माझ्या बोलण्यावरून त्यांनी ओळखलं, की मी लोणारकडची. हसल्या नाहीत, पण चेहरा जरा सैल झाला. मग मी आमचं काम सांगितलं. पैसे फिटले, पावती आहे, पण बोजा उतरत नाही, कारण तुमची सही लागते.

त्यांना वाटलं, मी चुकून दुसऱ्या कोणाचं सांगते आहे.

"माही सही? काऊन? मी त्या दुकानाची पायरी चढली नाही कधी."

मी म्हटलं, "तुम्ही भागीदार आहात. तिथं ऑफिसात तुमची सही ठेवली आहे."

मग आठवून म्हणाल्या, की एकदा दुपारी शेठजी वकिलाला घेऊन आत आले होते. चुलीवर वरण होतं. इथं नाव लिही, इथं लिही, म्हणाले. पाच-सहा ठिकाणी लिहिलं. काय आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वरण मात्र खाली लागलं, त्यावरून मग बोलले.

त्या उठल्या आणि कमरेची किल्ली काढून भिंतीतलं कपाट उघडलं. कागदांची बोचकी एकामागून एक माझ्यासमोर ठेवत गेल्या. त्यांना मराठी वाचता येत होतं, कागद मात्र इंग्रजीत होते. तिसऱ्या बोचक्यात स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला करार सापडला. माझं इंग्रजी ते काय, पण पहिल्या पानावर दोन भागीदारांची नावं होती, एवढं मला कळलं. पुढे एका कलमात नफा-तोट्याचा हिस्सा दोघांचा निम्मा-निम्मा लिहिला होता. मी बोट ठेवून तेवढं मराठीत सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग शेवटच्या पानावर आपली सही पाहिली. अक्षरावर अलगद बोट फिरवलं, जसं एखाद्या जुन्या लुगड्याचा पोत पाहावा.

"बारा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं मी भागीदार आहो अन् मलेच खबर नाही."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या आवाजात राग होता की नवल, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही येत नसेल. ज्याला विचारायचं तो माणूस आता नव्हता.

मी म्हटलं, बाबू तुम्हालाच घेऊन या म्हणतो, पण कागद इथेच आणते, तुम्ही सही करा, हे अमरावतीला घेऊन जातील. त्यावर त्या म्हणाल्या, "बाबू मलेच बलावते ना? मंग मीच येतो."

चार दिवसांनी आम्ही निघालो. सकाळी सहाची खामगावहून एस.टी. होती. त्यांचे दीर दारात उभे होते. आवाज न चढवता त्यांनी सांगून पाहिलं, की अजून वर्षही झालं नाही, लोक काय म्हणतील, आणि हे काम चार महिने थांबलं तर कोणाचं काय बिघडतं. शेठाणीबाईंनी पदर नीट केला.

"भाऊजी, गाडी याईची, पैसे याईनं फेडले. माह्या सहीपायी त्याईचं काम अडून राह्यलं. मी घरात बसून काय करू?"

भाऊजी दारातून बाजूला झाले. पण आम्ही वळणाशी पोचलो तेव्हा ते मागून चालत आले आणि त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक नक्कल ह्यांच्या हातात दिली. एक नक्कल आमच्याकडे होतीच. लागली तर असू द्या, म्हणाले.

बसमध्ये हे पुढे बसले, आम्ही दोघी मागे. अकोल्यापर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी पिशवीतून शाळेची पाटी असते तेवढी एक वही काढली. त्यात पानंच्या पानं त्यांचं नाव लिहिलेलं होतं. चार दिवस त्या बसून सही गिरवत होत्या. कपाटातला करार समोर ठेवून, तेव्हाचं अक्षर यावं म्हणून.

"तवा हात हलका होता," त्या म्हणाल्या. "आता 'र' तसा येतच नाही."

मी पाहिलं तर 'र' बराच जमला होता. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं आणि मी ते बोलले नाही. करारावरच्या सहीत नावाच्या आधी 'सौ.' होतं. वहीत ते नव्हतं. पहिल्या पानावर एका ठिकाणी 'सौ' लिहून खोडलं होतं, एवढंच.

ऑफिसच्या बाहेर झाडाखाली टायपिस्ट बसलेले असत. त्यांच्याकडून पत्र आणि अर्ज नव्यानं टाइप करून घेतले. पत्रात लिहिलं होतं, की सदर वाहनावरील सर्व रक्कम मिळाली, करार संपुष्टात आला, नोंद रद्द करण्यास आमची हरकत नाही. खाली पेढीचं नाव आणि हयात भागीदार. ह्यांनी गाडीमालक म्हणून सही केली. शेठाणीबाईंनी आपली सही 'श्रीमती' लावून केली.

बाबूनं कार्ड काढलं. मी पहिल्यांदाच ते पाहत होते. पिवळट पडलेलं, तळहाताएवढं. त्यावर दोन सह्या एकाखाली एक. वरची शेठजींची, भरधाव इंग्रजी. खालची मराठी, अक्षर न् अक्षर सुटं. बाबूनं पत्र शेजारी ठेवलं आणि डोळे बारीक केले.

"बाई, ही सही जुळत नाही," तो म्हणाला. "इथं 'सौ.' आहे, तुम्ही 'श्रीमती' लिहिलंय. आम्हाला नमुन्यासारखीच सही लागते."

तो काही उद्धट बोलला नाही. रोजचं काम करत होता. पण ह्यांचे कान लाल झाले. नवरा गेलेल्या बाईला आपण 'सौ.' लिहायला सांगतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेले, तर शेठाणीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ते आता मले लिहिता येत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "दाखला जोडला आहे तुमच्या कागदाले."

बाबूनं कागद उलटले. दाखला पाहिला. त्यावरचं नाव आणि कार्डावरची पहिली सही यांच्याकडे पाहिलं आणि मग त्याला उमगलं. तो उठला, सगळे कागद गोळा केले आणि आत साहेबांकडे गेला. थोड्या वेळानं आम्हालाही आत बोलावलं.

साहेब वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी करार वाचला, पावती पाहिली. बाईंना नाव, पत्ता, शेठजी कधी वारले, एवढं विचारलं. ह्यांना विचारलं, की यांना तुम्ही ओळखता का. ह्यांनी होय म्हटलं आणि तसं लिहून सही दिली. मग साहेबांनी एक कोरं कार्ड मागवलं आणि ते नव्या पत्रासोबत बाईंच्या पुढे ठेवलं.

"पुढं काहीच लावू नका," ते म्हणाले. "सौ. नको, श्रीमती नको. नुसतं नाव लिहा."

शेठाणीबाईंनी टाक बुडवला. त्या खाली वाकल्या आणि आपलं नाव, मग शेठजींचं, मग आडनाव, असं सावकाश लिहिलं. पत्रावर आधीच्या सहीखाली एकदा, अर्जावर तसंच एकदा, कार्डावर एकदा. साहेबांनी जुनं कार्ड शेजारी धरलं. 'सौ.' सोडलं तर अक्षर तेच होतं. 'र' सुद्धा. त्यांनी जुन्या कार्डाला नवं कार्ड टाचलं आणि पत्राच्या कोपऱ्यात, सही समक्ष झाली, असं लिहून खाली आपली सही केली.

फी भरली, दुपारची सुट्टी झाली, ती संपली. चारच्या सुमाराला बाबूनं आर.सी. बुक आणून दिलं. पेढीच्या नावाच्या पानावर लाल शाईनं आडवी रेघ, करार रद्द झाल्याचा शेरा, तारीख, गोल शिक्का आणि साहेबांची सही. शाई अजून ओली होती, म्हणून ह्यांनी पुस्तक उघडंच हातात धरलं आणि बसस्टँडपर्यंत तसंच नेलं. विम्याच्या कागदावरूनही पेढीचं नाव काढून घ्या, नाहीतर उद्या अपघात झाला तर भरपाईच्या वेळी अडचण येईल, असं बाबूनं जाताना आवर्जून सांगितलं. ते काम पुढच्या महिन्यात झालं.

रोहिणखेडच्या माणसानं मात्र तोवर दुसरी गाडी घेतली होती. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता आणि आम्ही पोचलो दिवाळीनंतर. त्याची चूक नव्हती. टेम्पो आमच्याकडेच राहिला, आणखी चार वर्षं चालला. मोठ्या गाडीचं ह्यांनी त्या वर्षापुरतं मनातून काढून टाकलं. एक-दोन दिवस त्यांना वाईट वाटलं, मग टमाट्याचा हंगाम सुरू झाला.

शेठजींच्या पेढीचं नाव आणखी अकरा गाड्यांवर होतं. चिखली, मेहकर, मलकापूर, कुठकुठल्या. हप्ते फिटले, की ते लोक आता सहीसाठी शेठाणीबाईंकडे यायचे. पहिले काही महिने त्या मला निरोप पाठवत आणि मी टेम्पोत बसून जाई. मी वाचायची, त्या ऐकायच्या, एखादं कलम पुन्हा वाचायला लावायच्या, मग सही करायच्या. भाऊजी पावत्यांची पुस्तकं घेऊन शेजारी बसत. आधी ते मुद्दाम दूर बसत. एकदा मात्र मी गेले तर दोघं एकाच चटईवर बसून कोणाचा कोणता हप्ता राहिला यावर हुज्जत घालत होते. मला पाहून भाऊजी म्हणाले, "वहिनीचा हिशोब बरोबर निघाला." तेवढंच, पण ते त्यांनी माझ्यासमोर म्हटलं.

सगळ्या गाड्यांचे बोजे उतरायला तीन वर्षं लागली. मग पेढी बंद झाली. जे उरलं त्यातला काही भाग शेठाणीबाईंनी भाऊजींना दिला, करारात त्यांचं नाव नसताना. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, की भाऊजींचं नाव कागदात नव्हतं, पण ते तिथं रोज होते, आणि मी कागदात होते, पण तिथं कधीच नव्हते. त्यांना यात काही मोठं केल्यासारखं वाटत नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, की शेठजींनी हे दोघांना समोर बसवून एकदा सांगितलं असतं तर किती सोपं झालं असतं.

शेठजींबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. मी विचारलं होतं, की त्यांचा राग येतो का. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "येते ना. पण नाव टाकलं ते माहंच टाकलं त्याईनं. हे बी खरं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

नंतर आम्ही मोठी गाडी घेतली तेव्हा बँकेचं कर्ज काढलं. जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. बँकेतल्या साहेबांनी पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, इथं इथं करा म्हणाले. मी कागद उचलले आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन पहिल्या पानापासून वाचायला लागले. सगळं काही मला कळलं नाही. जे कळलं नाही ते मी परत येऊन विचारलं. माझ्या मागे दोन माणसं थांबली होती. हे माझ्याकडे पाहत होते, पण त्यांनी घाई केली नाही.